समोरच्याचा पहिला आकडा

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टूसॉन नावाचं शहर आहे. तिथल्या इस्टेट एजंटांना ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील या दोन संशोधकांनी एक खरंखुरं घर दाखवलं. एजंट घरात फिरले, खोल्या पाहिल्या, परिसर पाहिला. त्यांच्या हातात दहा पानांची माहितीही दिली होती : घराचं क्षेत्रफळ, सोयी, आजूबाजूला अलीकडे विकल्या गेलेल्या घरांचे भाव, आणि या घरासाठी मालकाने सांगितलेली किंमत. तज्ज्ञ मूल्यांकनानुसार घराची किंमत होती ७४,९०० डॉलर. पण मालकाची म्हणून दिलेली किंमत प्रत्येक गटाला वेगळी होती. एका गटाच्या कागदावर ती ६५,९०० होती, दुसऱ्या एका गटाच्या कागदावर ८३,९००. बाकी सगळी माहिती अक्षरशः तीच.

मग त्यांना विचारलं, तुमच्या मते या घराची योग्य किंमत किती? कमी आकडा वाचलेल्यांचं सरासरी उत्तर ६७,८०० डॉलरच्या आसपास आलं आणि जास्त आकडा वाचलेल्यांचं सुमारे ७५,२००. मालकाच्या दोन आकड्यांत १८,००० डॉलरचं अंतर होतं, त्यातलं जवळपास ४१ टक्के अंतर जाणकारांच्या स्वतःच्या अंदाजात उतरलं. हाच प्रयोग घरांच्या बाजाराचा काही अनुभव नसलेल्या विद्यार्थ्यांवर केला, तेव्हा हे प्रमाण थोडं जास्त, ४८ टक्के आलं. वर्षानुवर्षं घरं विकणाऱ्यांना त्यांच्या अनुभवाने वाचवलं ते एवढंच. फरक दुसरीकडे होता. विद्यार्थ्यांनी मान्य केलं, की मालकाच्या किमतीचा आपल्यावर परिणाम झाला. एजंट मात्र म्हणाले, आम्ही त्या आकड्याकडे लक्षही दिलं नाही.

हा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या आकड्याच्या या ओढीला मानसशास्त्रात अँकरिंग म्हणतात. ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांनी १९७४ मध्ये ती प्रथम नीट मांडली. मला टूसॉनचा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या खरेदीशी जोडलेला आहे. भाजी घेताना पहिल्या आकड्याला भुललो तर पाच-दहा रुपये जातात. जुना फ्लॅट घेताना भुललो तर वीस लाख जाऊ शकतात, आणि त्यांचा हप्ता वीस वर्षं भरावा लागतो. म्हणून या लेखात मी फक्त रीसेल फ्लॅटबद्दल बोलणार आहे. विकणारा अवाच्या सवा आकडा टाकतो तेव्हा आपल्या डोक्यात काय होतं आणि त्या वेळी नेमकं काय करावं, एवढाच विषय.

आधी डोक्यात काय होतं ते पाहू. सर्वसाधारण समज असा, की मोठा आकडा ऐकून आपण घाबरतो किंवा भिडेला बळी पडतो. तसं होतंही, पण मुख्य गोष्ट त्याहून शांतपणे घडते. कोणी ‘एक कोटी पंचेचाळीस लाख’ म्हणालं, की मन नकळत तपासू लागतं : असेल का एवढी किंमत? आणि तपासताना ते त्या किमतीला शोभतील अशाच गोष्टी वेचतं. हॉलला जोडलेली गॅलरी, सकाळचं ऊन, पाच मिनिटांवरचं मेट्रो स्टेशन, नुकतंच केलेलं किचन. हाच फ्लॅट कोणी ‘एक कोटी पाच लाख’ म्हणून दाखवला असता, तर डोळे बाथरूमच्या छतावरच्या ओलीकडे, एकुलत्या एका लिफ्टकडे आणि उघड्यावरच्या पार्किंगकडे गेले असते. घर तेच, गॅलरीही खरी आणि ओलही खरी. आकड्याने फक्त ठरवलं, की यातलं आपल्याला आधी काय आठवावं. मग आपण जो अंदाज करतो तो आपल्याला स्वतःचाच वाटतो, कारण त्यामागची कारणं आपण स्वतः गोळा केलेली असतात. टूसॉनचे एजंट खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

उपायाची दिशाही यातूनच मिळते. थॉमस मुसवायलर, फ्रिट्झ स्ट्रॅक आणि टिम फायफर या जर्मन संशोधकांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दहा वर्षं जुनी ओपेल काडेट गाडी घेऊन संशोधक गॅरेजवाल्यांकडे आणि जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांकडे गेले. काहींना म्हणाले, मला वाटतं हिची किंमत २,८०० मार्क असावी. काहींना म्हणाले, ५,००० मार्क. ठरल्याप्रमाणे तज्ज्ञांचे अंदाज त्या त्या आकड्याकडे झुकले आणि दोन गटांत सुमारे हजार मार्कांचं अंतर पडलं. पण आणखी काही तज्ज्ञांना एक जास्तीचा प्रश्न विचारला होता : माझ्या एका मित्राला हा आकडा चुकीचा वाटतो, त्याच्याविरुद्ध काय काय सांगता येईल? त्यांनी कारणं सांगितली, आणि त्यानंतरच्या अंदाजांत ते अंतर जवळपास एक तृतीयांशावर आलं. पूर्ण गेलं नाही, पण खूप आटलं. नुसतं ‘सावध राहा, आकड्याला भुलू नका’ असं बजावून एवढा फरक पडत नाही, हे इतर प्रयोगांत दिसलं आहे. सावधपणा हा मनाचा पवित्रा आहे. आकड्याविरुद्धची कारणं म्हणजे मनात भरलेला दुसरा माल. पहिल्या मालाला हटवायला दुसरा माल लागतो.

त्यानंतर वर्षभराने ॲडम गॅलिन्स्की आणि मुसवायलर यांनी वाटाघाटींत याचाच पुढचा भाग दाखवला. पहिला आकडा जो टाकतो त्याच्या बाजूला सौदा झुकतो, हे त्यांच्या प्रयोगांत ठळकपणे आलं. पण ऐकणारा माणूस त्या वेळी स्वतःच्या उद्दिष्टावर, किंवा सौदा मोडला तर समोरच्याकडे दुसरा कोणता पर्याय आहे यावर लक्ष ठेवून असेल, तर ही आघाडी पुसली जात होती. म्हणजे समोरच्याचा आकडा कानावर पडण्याआधी आपल्या मनात एक पक्का आकडा बसलेला हवा. तो बसवायचा कुठून? इथे पुण्यात येऊ.

कोथरूडमधला एक फ्लॅट धरू. आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण रीत तीच आहे. वीस वर्षं जुनी सोसायटी, चौथा मजला, दोन बेडरूम, कार्पेट ६५० चौरस फूट. घर शोधणारं एक जोडपं तो पाहायला जाणार आहे. जाहिरातींच्या संकेतस्थळांवर त्याच भागातले फ्लॅट एक चाळीस, एक पन्नास अशा किमतींना टाकलेले दिसतात. हे भाव पाहून अंदाज बांधणं हीच पहिली मोठी चूक. ते विकले गेलेले भाव नाहीत, मागितलेले भाव आहेत. प्रत्येक जाहिरात म्हणजे कोणीतरी टाकलेला पहिला आकडा. असे पन्नास आकडे वाचून घर पाहायला गेलेला माणूस ब्रोकरला भेटण्याआधीच वरच्या भावाला बांधला गेलेला असतो.

विकले गेलेले भाव कळायला महाराष्ट्रात चांगली सोय आहे आणि ती पुरेशी वापरली जात नाही, याचं मला वाईट वाटतं. प्रत्येक नोंदणीकृत खरेदीखताचा गोषवारा म्हणजे सूची क्रमांक दोन, सगळे त्याला इंडेक्स टू म्हणतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या igrmaharashtra.gov.in या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि मिळकतीचा सर्वे किंवा सिटी सर्वे नंबर टाकला, की त्या मिळकतीवर झालेले दस्त पाहता येतात. सर्वे नंबर सोसायटीच्या कागदांवर असतो, ब्रोकरकडेही असतो. इंडेक्स टूमध्ये मोबदला म्हणजे प्रत्यक्ष ठरलेली किंमत, बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरनुसार सरकारने धरलेली किंमत, क्षेत्रफळ आणि नोंदणीची तारीख एवढ्या गोष्टी पाहायच्या.

क्षेत्रफळाकडे मात्र डोळे उघडे ठेवून पाहावं लागतं. दस्तात ते बहुधा चौरस मीटरमध्ये असतं, म्हणून १०.७६४ ने गुणून फूट काढायचे. जुन्या दस्तांत ते कार्पेट आहे की बिल्टअप, हे मजकुरात वाचायचं. टेरेस किंवा पार्किंग वेगळं लिहिलं असेल तर ते त्यात मिसळायचं नाही.

आपल्या जोडप्याला तीन दस्त मिळाले. त्याच सोसायटीतला ६०.४० चौरस मीटर कार्पेटचा, म्हणजे ६५० फुटांचाच फ्लॅट दहा महिन्यांपूर्वी एक कोटी बारा लाखांना गेला. फुटाला सुमारे १७,२०० रुपये. शेजारच्या, त्याच वयाच्या इमारतीत ५८ चौरस मीटरचा, म्हणजे ६२४ फुटांचा फ्लॅट पाच महिन्यांपूर्वी एक कोटी दहा लाखांना गेला. फुटाला सुमारे १७,६००. तिसरा दस्त एक कोटी दोन लाखांचा होता, पण त्यातला मोबदला आणि बाजारभाव जवळजवळ सारखेच होते. हे दिसलं की थांबावं. काही व्यवहारांत रकमेचा एक भाग रोखीने दिला जातो आणि कागदावर रेडी रेकनरच्या जवळपास किंमत लिहिली जाते. तसं इथे झालंच असेल असं म्हणता येणार नाही, पण हा आकडा भरवशाचा नाही. तो स्वस्त दिसतो म्हणून उचलून वाटाघाटीत पुढे केला, तर ब्रोकर तो एका वाक्यात उडवून लावेल आणि मग उरलेले दोन चांगले दाखलेही हलके होतील. तिसरा दस्त बाजूला ठेवला.

दोन दाखल्यांवरून आपल्या फ्लॅटची किंमत एक बारा ते साडेचौदा लाख अधिक एक कोटी, अशी येते. आता कागदावर तीन आकडे लिहायचे. पहिला कमाल मर्यादेचा, आणि ती ऐपतीवरून नव्हे, पर्यायावरून काढायची. या जोडप्याला कर्वेनगरला दुसरा एक तयार फ्लॅट एक कोटी वीस लाखांत मिळतोय. कोथरूडच्या फ्लॅटला बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आणि वायरिंग यांना सहा लाख लागतील, म्हणून तो एक चौदाला पडला तर दोन्ही बरोबरीचे. कोथरूडहून तिच्या आईवडिलांचं घर चालत जाण्यासारखं आहे. त्यासाठी आणखी तीन लाख द्यायची दोघांची तयारी आहे. म्हणजे मर्यादा एक सतरा. दुसरा आकडा उद्दिष्टाचा, एक बारा. तिसरा आपल्या पहिल्या बोलीचा : सोसायटीतल्या दाखल्याप्रमाणे एक बारा, त्यातून दुरुस्तीचे सहा लाख वजा, एक सहा. हा आकडा कमी आहे, पण त्यातला प्रत्येक लाख कुठून आला हे सांगता येतं. हे तीन आकडे घर पाहायला जाण्याआधी लिहिलेले असले पाहिजेत. नंतर लिहिले तर ते आपले राहत नाहीत.

फोनवर ब्रोकर पहिल्यांदा विचारतो, ‘‘मॅडम, बजेट काय तुमचं?’’ हा प्रश्न साधा वाटतो आणि बहुतेक लोक प्रामाणिकपणे उत्तर देतात. इथे एक घोटाळा समजून घ्यावा. पहिला आकडा टाकणाऱ्याला फायदा होतो, मग बजेट सांगणं हा आपण टाकलेला पहिला आकडाच नाही का? नाही. बजेट सांगणं म्हणजे स्वतःची कमाल मर्यादा सांगणं. त्यानंतर सौदा त्याच्या खाली जायला काही कारणच उरत नाही. उत्तर द्यायचं ते भावाचं : ‘‘त्या सोसायटीत कार्पेटवर सतरा-साडेसतरा हजारांनी व्यवहार झालेत, त्या हिशेबातलं दाखवा.’’ हातात भक्कम दाखले असतील तर पहिलं बोलणं फायद्याचं ठरतं. नवख्या भागात, दाखले नसताना, आधी बोलू नये.

तरीही प्रत्यक्ष भेटीत ब्रोकर म्हणतोच, ‘‘पार्टीची एक पंचेचाळीसची अपेक्षा आहे. बसून थोडंफार बोलू. फुटाला साडेसोळाच पडतोय.’’

फुटाला साडेसोळा हे ऐकून क्षणभर वाटतं, हा तर आपल्या दाखल्यांपेक्षाही कमी झाला! तो भाव ८८० फूट ‘सेलेबल’वर काढलेला आहे. कार्पेटमध्ये जिना, लिफ्ट, पॅसेज यांचा वाटा म्हणून पस्तीस-एक टक्के मिळवले की ६५० चे ८८० होतात. कार्पेटवर तोच भाव बावीस हजार तीनशे पडतो. पहिल्या आकड्याच्या शेजारी असा दुसरा, सौम्य दिसणारा आकडा ठेवणं ही नेहमीची रीत आहे. म्हणून आपली वही फक्त कार्पेटमध्ये बोलली पाहिजे. समोरून कुठलाही भाव आला की आधी तो कार्पेटवर आणायचा, मगच ऐकायचा.

आता प्रतिसाद. तयारी नसलेला माणूस इथे जे करतो ते मी फार वेळा पाहिलं आहे. तो म्हणतो, ‘‘एक पंचेचाळीस खूप होतात हो. फार तर एक अठ्ठावीस.’’ त्याला वाटतं आपण सतरा लाख पाडून मागितले. खरं तर त्याने आपला आकडा समोरच्याच्या आकड्यातून वजाबाकी करून काढला. दोन बोलींच्या मध्याच्या आसपास सौदा मिटण्याकडे कल असतो, आणि एक पंचेचाळीस व एक अठ्ठावीस यांचा मध्य एक साडेछत्तीस. दस्त सांगतात त्याहून वीस लाखांपेक्षाही जास्त वर. पुढे विकणारा एक अडतीसवर आला की तो सात लाख उतरला म्हणून हायसं वाटतं, आणि घरी येऊन ‘बरंच कमी करून घेतलं’ असं सांगितलं जातं. कमी झाले ते फुगवलेल्या आकड्यातून.

दुसरी चूक सुशिक्षित माणसं करतात. ती विचारतात, ‘‘एक पंचेचाळीस कसे काय? जरा समजावून सांगा.’’ हेतू चांगला असतो. पण या प्रश्नाने आपण समोरच्याला वीस मिनिटं त्याच आकड्याची बाजू मांडायला बसवतो. तो गॅलरी, मेट्रो, शाळा, किचन सगळं सांगतो, आणि आपलं मन आधी एकटं करत होतं ते वेचण्याचं काम आता दोघं मिळून करतात. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे दीपक मल्होत्रा आणि मॅक्स बेझरमन यांनी वाटाघाटींवरच्या आपल्या पुस्तकात यासाठी फार उपयोगी भेद केला आहे : समोरच्याच्या बोलीत माहिती किती आणि नुसता दबाव किती, हे वेगळं करा. माहिती ही आकड्याशिवायही सांगता येते. म्हणून प्रश्न असा विचारायचा : ‘‘त्या दोन फ्लॅटमध्ये नाही असं या फ्लॅटमध्ये काय आहे?’’ आकड्याचं नावही त्यात नाही. उत्तरात खरंच काही निघू शकतं. झाकलेलं पार्किंग कागदोपत्री या फ्लॅटच्या नावे असेल. सोसायटीचा पुनर्विकास ठरला असेल, आणि मग तर जुने दाखले बदलावेच लागतात, कारण तिथे भाव मिळणाऱ्या नव्या जागेचा असतो. पण तसं असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव मागायचा, विकासकाचा कागद मागायचा. ‘होणारच आहे’ ही माहिती नव्हे.

या प्रश्नाला ठोस काही आलं नाही, तर पहिल्या आकड्याशी आपला संबंध तिथेच तोडावा लागतो, आणि तो बोलून तोडावा लागतो. गप्प राहून आपली बोली सांगितली तर दोन्ही आकडे टेबलावर शेजारी-शेजारी राहतात आणि ब्रोकर मध्य काढायला मोकळा होतो. आपल्या जोडप्यातली ती म्हणाली, ‘‘काका, या आकड्यावर आपलं बोलणं पुढे जाणार नाही, आणि मला तुमचा वेळ घालवायचा नाही. याच सोसायटीत साडेसहाशे फुटांचा फ्लॅट गेल्या वर्षी एक बाराला गेला, इंडेक्स टू माझ्याकडे आहे. शेजारच्या इमारतीतलाही आहे. या फ्लॅटला वॉटरप्रूफिंग आणि वायरिंग करावं लागेल, सहा लाखांचं काम आहे. त्या हिशेबाने आम्ही एक सहा देऊ.’’ आधी नकार, मग दाखला, मग आकडा, हा क्रम महत्त्वाचा आहे. आणि नकारात तिने त्यांचा आकडा उच्चारलाही नाही. ‘एक पंचेचाळीस जास्त आहेत’ हे वाक्य पाच वेळा म्हटलं, तर पाच वेळा तोच आकडा सगळ्यांच्या कानावर पडतो.

इथे कोणाला वाटेल, समोरच्याने टोक गाठलं तर आपणही ऐंशी लाख म्हणून मोकळं व्हावं. तसं करू नये. टोकाच्या बोलीने माणसं दुखावतात आणि उठून जातात, हे प्रयोगांतही दिसलं आहे. आपल्या राहत्या घराबद्दल तर विकणारा जास्तच हळवा असतो. शिवाय ऐंशीला आधार नाही, आणि आधार नसलेला आकडा पहिल्या प्रश्नालाच कोसळतो. आपल्या बोलीची ताकद ती किती खाली आहे यात नसून ती दस्ताला किती घट्ट बांधलेली आहे यात असते.

त्या दिवशी ब्रोकर म्हणाला, ‘‘एवढ्यात पार्टी ऐकायचीसुद्धा नाही.’’ ती म्हणाली, ‘‘ठीक आहे, विचारून तर बघा,’’ आणि दोघं निघाले. हे निघणं उपयोगाचं असतं. जिना उतरल्यावर दोघांनी वहीत लिहिलं, हा फ्लॅट महाग का आहे : एकच लिफ्ट, उघडं पार्किंग, बेडरूमच्या खिडकीसमोर दुसरी इमारत, वीस वर्षांची ड्रेनेज लाइन. ओपेल गाडीच्या प्रयोगातला तो जास्तीचा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. घर पाहून आल्यावर लगेच, गॅलरीचं कौतुक मनात ताजं असतानाच हे करायला हवं. दोन दिवसांनी ओल आठवत नाही, गॅलरी मात्र आठवते.

चार दिवसांनी फोन आला : ‘‘पार्टी एक बत्तीसवर आली, मॅडम. तेरा लाख सोडले त्यांनी. आता तुम्ही पण थोडं वर या.’’ आपल्याकडे देवाणघेवाणीची भिडस्त सवय खोल आहे, कोणी तेरा पावलं आलं तर आपणही निघावं असं वाटतं. पण फुगवलेल्या आकड्यातून काढलेली हवा ही सवलत नव्हे. एक बत्तीस म्हणजे कार्पेटवर वीस हजार तीनशे, अजून दाखल्याच्या फार वर. तरी अजिबात न हलणंही बरोबर नाही, कारण समोरच्याला मान राखून खाली यायला जागा लागते. ती एक दहावर आली आणि कारणासह आली : दाखला दहा महिने जुना आहे, मधल्या काळातल्या भाववाढीचा थोडा वाटा धरला. पुढे विकणारा एक चोवीसवर आला तेव्हा ती एक बारावर, तो एक अठरावर आला तेव्हा ती एक तेरावर. तिची पावलं चार लाख, दोन लाख, एक लाख अशी लहान होत गेली. तोंडाने ‘हे शेवटचं’ म्हणण्यापेक्षा हे जास्त कळतं.

याच टप्प्यावर ‘मध्यावर भेटू’ हे वाक्य येतं, आणि ते इतकं न्याय्य वाटतं की नाही म्हणणारा आडमुठा ठरतो. मध्य कशाचा, हे तपासून पाहावं. एक सहा आणि एक पंचेचाळीस यांचा मध्य एक साडेपंचवीस येतो, तिच्या मर्यादेच्या साडेआठ लाख वर. पहिल्या दिवशी तिने हा प्रस्ताव मान्य केला असता, तर सगळा अभ्यास वाया गेला असता. शेवटी एक अठरा आणि एक तेरा उरल्यावर मात्र दोन्ही टोकं दाखल्यांच्या आसपास आली होती, आणि तेव्हा मध्याच्या भाषेत बोलायला हरकत नव्हती.

किमतीवर अडलेला विकणारा इतर गोष्टींनी मोकळा होतो, हे ती जाणून होती. विकणाऱ्यांचं नवं घर तयार व्हायला तीन महिने होते. तिने सांगितलं, तुम्ही तोवर इथेच राहा, ताबा नंतर द्या, भाडं नको. बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र दाखवलं, म्हणजे पैसे वेळेवर येतील ही खात्री झाली. सोसायटीची ट्रान्सफर फी आम्ही भरू म्हणाली. विकणाऱ्याला घरी सांगायला काही मिळालं, आणि एक पंधराला सौदा ठरला. कार्पेटवर फुटाला सुमारे १७,७००. दाखल्यांपेक्षा किंचित वर, तिच्या मर्यादेपेक्षा दोन लाख खाली.

प्रत्येक वेळी असं जमत नाही. विकणाऱ्याला घाई नसेल, किंवा त्याने शेजाऱ्याकडून ऐकलेल्या किमतीला तो स्वतःच बांधला गेला असेल, तर तो एक तीसच्या खाली येत नाही. त्यालाही एक पहिला आकडा चिकटलेला असतो, आणि तो आपण वाद घालून काढू शकत नाही. अशा वेळी आपली बोली लेखी, व्हॉट्सॲपवर का होईना, कारणांसह आणि मुदतीसह ठेवून यावं : एक तेरा, महिनाअखेरपर्यंत, सोबत दोन्ही इंडेक्स टूच्या प्रती. मग कर्वेनगरच्या फ्लॅटकडे खरोखर वळावं. दोन-तीन महिन्यांनी ब्रोकरचा फोन आला आणि तो ‘मागच्या वेळी आपण एक तीसवर थांबलो होतो’ असं म्हणाला, तर तिथून सुरुवात करू देऊ नये, कारण आपण तिथे कधीच नव्हतो. बोलणं आपल्या लेखी बोलीपासून सुरू करावं, आणि फोन परत करण्याआधी ई-सर्च पुन्हा एकदा उघडावं, कारण मधल्या काळात त्याच सोसायटीत आणखी एखादा दस्त नोंदला गेलेला असू शकतो आणि तो आपल्या बाजूचा असेलच असं नाही.